चाचणीतलं तिसरं गणित: सलाइनच्या टक्क्यांवरून दर मिलिलिटरचे मिलिग्रॅम

मुलांनो, परवाच्या चाचणीत हे गणित बऱ्याच जणांचं चुकलं. उत्तरपत्रिकांत मला तीन वेगळी चुकीची उत्तरं दिसली. तिघांचं मूळ एकच आहे, म्हणून पूर्ण सोडवून देतो.

प्रश्न असा होता: ०.९ टक्के सोडियम क्लोराइडची ५०० मिलिलिटरची पिशवी लावली. ३५० मिलिलिटर गेल्यावर ती थांबवली. सलाइनची तीव्रता मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये सांगा आणि रुग्णाला किती सोडियम क्लोराइड मिळालं ते काढा.

आधी 'टक्के' या शब्दाकडे बघा. सलाइनच्या लेबलवरचे टक्के वजन-प्रति-आकारमान असतात, म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणात किती ग्रॅम पदार्थ आहे ते सांगतात. मलमाचे टक्के सहसा वजनाला वजन असतात, स्पिरिटचे आकारमानाला आकारमान. इथे तसं नाही. एका बाजूला ग्रॅम, दुसऱ्या बाजूला मिलिलिटर, आणि हा 'ग्रॅम' नुसत्या '०.९ टक्के' या आकड्यात दिसत नाही. तो आपण मनात धरायचा असतो आणि नेमका तिथेच तो निसटतो.

०.९ टक्के
= १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम
= १०० मिलिलिटरमध्ये ९०० मिलिग्रॅम
= १ मिलिलिटरमध्ये ९ मिलिग्रॅम

रुग्णाला मिळालेलं सोडियम क्लोराइड: ३५० × ९ = ३१५० मिलिग्रॅम, म्हणजे ३.१५ ग्रॅम. पिशवी ५०० ची होती ही माहिती इथे लागतच नाही. काहींनी ४.५ ग्रॅम लिहिलं, ते भरलेल्या पिशवीतलं मीठ झालं, रुग्णाला गेलेलं नव्हे.

आता चुका. ज्यांनी '०.९ मिलिग्रॅम' लिहिलं त्यांनी टक्क्यांचा आकडा उचलून तसाच एककापुढे ठेवला. ज्यांनी '९००' लिहिलं ते १०० मिलिलिटरपाशी थांबले, भागाकार राहिला. '९०' वाल्यांनी १०० ऐवजी १० ने भागलं. तिघांनीही एकक प्रत्येक ओळीत लिहिलं असतं तर चूक कागदावरच दिसली असती. म्हणून मी एकक नसलेल्या ओळीला गुण देत नाही.

पायऱ्या नीट पाहिल्या तर आधी १००० ने गुणलं आणि मग १०० ने भागलं, म्हणजे एकूण १० ने गुणलं. ०.४५ टक्के म्हणजे ४.५, ३ टक्के म्हणजे ३०. टक्क्यांना दहाने गुणा, हा नियम खराच आहे, पण फक्त वजन-प्रति-आकारमान टक्क्यांसाठी. दहा कुठून आला हे सांगता येत नसेल तर तो वापरू नका. परीक्षेच्या ताणात गुणायचं की भागायचं हेच आठवत नाही.

हे मी इतकं का ताणून धरतो, ते पुढच्या उदाहरणात कळेल. २३.४ टक्क्यांच्या तीव्र द्रावणापासून ३ टक्क्यांचं २५० मिलिलिटर सलाइन बनवायचं आहे.

हवं असलेलं मीठ: २५० × ३० = ७५०० मिलिग्रॅम
तीव्र द्रावणात: दर मिलिलिटरला २३४ मिलिग्रॅम
लागणारं तीव्र द्रावण: ७५०० ÷ २३४ = ३२.०५, म्हणजे सुमारे ३२ मिलिलिटर

बाकी निर्जंतुक पाण्याने एकूण २५० पर्यंत भरायचं. (२३.४ हा आकडा विचित्र वाटतो ना? सोडियम क्लोराइडचं रेणुवस्तुमान ५८.४४ आहे. २३४ ला त्याने भागा, दर मिलिलिटरला चार मिलिमोल सोडियम येतं. आकडा मुद्दाम तसा निवडलेला आहे.)

इथे कुणी ३ टक्क्यांचे ३ मिलिग्रॅम धरले तर तो तीव्र द्रावण ३.२ मिलिलिटरच घेईल. तयार होईल ०.३ टक्क्यांचं द्रावण, रक्ताच्या मानाने पातळ. ३ टक्के सलाइन रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरलेल्या रुग्णाला देतात. त्याला हे पातळ पाणी गेलं तर सोडियम आणखी उतरू शकतं आणि मेंदूची सूज वाढू शकते. पिशवीत दोन्ही द्रावणं सारखीच स्वच्छ, पारदर्शक दिसतात. डोळ्यांनी ही चूक कुणालाही पकडता येत नाही.

उलट ३ टक्क्यांचे ३०० धरले तर ३२० मिलिलिटर तीव्र द्रावण लागेल, आणि बनवायचे आहेत फक्त २५०. असं अशक्य उत्तर आलं की तिथेच थांबा, पहिल्या ओळीपासून पुन्हा करा.

लिहिताना '.९' नको, '०.९' लिहा. बिंदू पुसट झाला तर एकट्या ९ चा दहापट गोंधळ होतो.

सोमवारी येताना हे सोडवून आणा: ०.४५ टक्के सलाइनच्या ७५० मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम सोडियम क्लोराइड? उत्तर ३३७५ आहे. ते मी आधीच सांगतोय, कारण मला पाहायच्या आहेत त्या मधल्या ओळी, एककांसकट.