PB-20 पॉवर बँक आम्ही परत घेतोय, तुमच्याकडे असेल तर आत्ताच चार्जिंग बंद करा

आमच्या 20,000 एमएएचच्या PB-20 मॉडेलच्या काही पॉवर बँक आम्ही बाजारातून आणि ग्राहकांकडून परत मागवतोय. मागच्या स्टिकरवर बॅच नंबर B2501 किंवा B2502 असेल तर ती वापरू नका, चार्जिंगला लावू नका, आणि उरलेलं चार्जिंग संपवून टाकू म्हणून फोनही त्यावर लावू नका. बाकीच्या बॅचेसमध्ये सेल दुसऱ्या सप्लायरचे आहेत, त्या नेहमीसारख्या वापरा.

आत्तापर्यंत या दोन बॅचमधल्या 9 पॉवर बँकच्या तक्रारी आल्यात. 6 फुगल्या, 2 चार्जिंग चालू असताना इतक्या तापल्या की प्लॅस्टिकचं कव्हर वितळलं, आणि एकीने पेट घेतला, त्यात एका ग्राहकाच्या बोटांना भाजलं. त्यांच्याशी आम्ही बोललोय, उपचाराचा सगळा खर्च कंपनी देतेय. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून माफी मागतो, आणि तुमच्या घरात ही वस्तू आमच्यामुळे आली म्हणून तुमचीही.

नेमकं काय झालं ते सांगतो. लिथियम आयन सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये सेपरेटर नावाचा अगदी पातळ पडदा असतो, ते दोन एकमेकांना टेकू नयेत म्हणून. या बॅचसाठी इलेक्ट्रोडच्या पट्ट्या कापताना सप्लायरकडच्या मशीनच्या ब्लेडची धार गेली होती, त्यामुळे पट्टीच्या कडेला धातूची बारीक कुसळं राहिली. सेल चार्ज-डिस्चार्ज होताना किंचित फुगतो आणि आकसतो, तसं ते कुसळ हळूहळू पडद्यात घुसतं आणि एक दिवस आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं. म्हणून नव्या सेलच्या टेस्टमध्ये हे दिसलं नाही, आणि म्हणूनच "माझी तर अजून मस्त चाललीय" यावर कृपया विसंबू नका, जितकी जास्त वापरली तितका धोका वाढलेला असू शकतो. बाहेरच्या सर्किटमध्ये ओव्हरचार्जचं संरक्षण आहे, पण शॉर्ट सेलच्या आत झालं तर ते सर्किट काही करू शकत नाही.

परत देईपर्यंत ती उशीजवळ, पडद्याजवळ, बॅगेत किंवा उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका, मोकळ्या जागी सावलीत फरशीवर किंवा कोरडी वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवा. फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका, उघडून बघू नका. कचऱ्यात तर अजिबात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत चेपली गेली तर तिथल्या माणसांच्या जिवाशी खेळ होईल. धूर किंवा फुसफुस आवाज आला तर हात न लावता सगळ्यांना लांब न्या, तो धूर विषारी असतो, आणि अग्निशमन दलाला बोलवा. लांबून भरपूर पाणी ओतता आलं तर ओता, बॅटरी थंड होणं महत्त्वाचं, विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा पेटू शकते.

आणि हो, कुरियरने पाठवू नका, प्रवासात सोबत नेऊ नका. सदोष लिथियम बॅटरी विमानात चालत नाही, हँडबॅगेतसुद्धा नाही. आमचा माणूस आगरोधक बॉक्स घेऊन घरी येईल, कोणत्याही सर्व्हिस सेंटरवर स्वतः आणून दिली तरी चालेल. बदल्यात नवीन पॉवर बँक किंवा पूर्ण पैसे, तुम्हाला हवं ते. बिल, बॉक्स, केबल काहीच लागणार नाही, वॉरंटी संपलेली असो किंवा वस्तू कुणी भेट दिलेली असो, स्टिकरवरचा सिरियल नंबर पुरे. नंबर पुसला असेल तर फक्त फोटो पाठवा, आम्ही ओळखू. पैसे हवे असतील तर वस्तू मिळाल्यापासून 7 कामकाजाच्या दिवसांत जमा होतील.

दुकानांतला आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडचा या दोन बॅचचा माल थांबवलाय, परत आलेला माल दुरुस्त करून विकणार नाही, तो अधिकृत बॅटरी रिसायकलिंगलाच जाईल. त्या सप्लायरकडून सेल घेणं बंद केलंय. इथून पुढे प्रत्येक लॉटमधल्या सेलचा एक्स-रे होईल, आणि काही सेल शेकडो वेळा चार्ज-डिस्चार्ज करून, मग उघडून पडदा तपासला जाईल, हे काम आम्ही नाही तर बाहेरची लॅब करेल. यात वेळ जातो, त्यामुळे नवीन माल उशिरा येईल, ते आम्हाला मान्य आहे.

संपर्कासाठी पॉवर बँकच्या मागे बारकोडखाली छापलेला टोल फ्री नंबर लावा आणि 1 दाबा, ही लाइन फक्त रिकॉलसाठी आहे आणि 24 तास चालू आहे. त्याच नंबरवर व्हॉट्सॲपवर स्टिकरचा फोटो पाठवला तर तुमची बॅच यात आहे की नाही ते सांगू. फुगलेली किंवा तापलेली असेल तर मेसेज न करता थेट फोनच करा, तो पिकअप आम्ही सगळ्यात आधी करतोय. दुकानदारांनी आपल्या डिस्ट्रीब्युटरशी बोलावं. आणि ही पॉवर बँक तुम्ही कुणाला दिली असेल, विकली असेल तर हा मेसेज त्यांना आजच पाठवा, त्यांचा नंबर आमच्याकडे नाहीये.