पालकांसाठी सूचना : फाटकाबाहेरील वाहनांबाबत

दि. 10 जुलै 2025

सर्व पालकांस,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी दुपारी सकाळचे सत्र सुटत होते आणि दुपारचे भरत होते. दुसरीतली एक मुलगी उभ्या असलेल्या दोन मोटारींमधून रस्त्यावर आली आणि येणाऱ्या स्कूटरला करकचून ब्रेक मारावा लागला. मुलीला काही झाले नाही, पाण्याची बाटली तेवढी चाकाखाली चेपली. ती सध्या माझ्या टेबलावर आहे. स्कूटरवर आपल्याच शाळेचे पालक होते आणि त्या दोन्ही मोटारीही आपल्याच पालकांच्या.

गर्दी खरे तर पंधरा मिनिटांचीच, पण दोन्ही सत्रांची मुले एकाच फाटकातून जा-ये करतात. म्हणून सोमवार, 14 जुलैपासून दुपारच्या सत्राची मुले मागच्या फाटकाने, म्हणजे गिरणीच्या बोळातून, आत येतील. ते फाटक 12.15 ला उघडेल. सकाळचे सत्र 12.20 ला मुख्य फाटकातूनच सुटेल. संध्याकाळी 5.30 ला पहिली-दुसरी मागून आणि तिसरी-चौथी पुढून सोडू.

चारचाकी गल्लीत आणू नका. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाअलीकडे ती बाजूला लावून मुलाला हात धरून चालत आणा. पाऊस असला तरीही. दुचाकी शाळेच्या भिंतीलगत, पांढऱ्या पट्ट्याच्या आत, एकाच ओळीत लावावी. "गाडी चालूच आहे, एका मिनिटात निघतो" हे आम्ही रोज पन्नास जणांकडून ऐकतो. फाटकासमोरची जागा रिक्षाकाका आणि व्हॅनसाठी मोकळी ठेवा, त्यांच्या एका फेरीत आठ-दहा मुले उतरतात.

समोरच्या सोसायटीच्या दारात कोणीही गाडी लावू नये. गेल्या आठवड्यात तिथल्या एका आजोबांना डायलिसिसला जायचे होते आणि त्यांची रिक्षा वीस मिनिटे अडकून पडली. नंतर ते शाळेत येऊन गेले. रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

नववी-दहावीची काही मुले दुचाकी गिरणीमागे लावून शाळेत येतात, तेही आम्हाला दिसते. अल्पवयीन मुलाने वाहन चालवल्यास मोटार वाहन कायद्यानुसार पालकांना 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोमवारनंतर अशी गाडी दिसली तर पालकांना बोलावून घेतले जाईल.

दोन्ही फाटकांवर शिपाईकाका आणि एक शिक्षक उभे असतील. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, ते माझ्याच सांगण्यावरून तिथे आहेत. काही अडचण असल्यास दुपारी 3 ते 4 या वेळेत मला येऊन भेटा. चालायला त्रास होणाऱ्या मुलांची गाडी फाटकापर्यंत येऊ देऊ, त्यासाठी वर्गशिक्षिकांकडे आधी कळवावे.

ही सूचना वाचून शनिवारपर्यंत मुलाच्या डायरीत सही करावी. आणायला-न्यायला आजी-आजोबा किंवा शेजारचे कोणी येत असतील, तर त्यांनाही ती वाचून दाखवावी.

आपली,
मुख्याध्यापिका