एसआयपी म्हणजे काय? दर महिन्याचा हप्ता, साध्या शब्दांत

स्लाइड १
दर महिन्याला ५०० रुपये. पण जातात कुठे?
एसआयपीबद्दल घरात जसं बोलतो तसं बोलू. यात काय मिळतं ते सांगणार आहे आणि काय जाऊ शकतं तेही. किती टक्के मिळतील याचा आकडा मात्र पूर्ण कॅरोसेलमध्ये कुठेही सापडणार नाही, कारण तो आधी कुणालाच सांगता येत नाही.

स्लाइड २
पिग्मीचं पासबुक
मागच्या महिन्यात कराडला एका बचत गटाच्या बैठकीत बसले होते. ब्लाउज शिवणाऱ्या एका ताईंनी पिग्मीचं पासबुक माझ्यापुढे सरकवलं. रोजचे ५० रुपये, पानोपानी एजंटची सही. "ताई, हे बंद करून त्या एसआयपीत टाकू का? भाचा म्हणतो तिथं जास्त सुटतात."
मी विचारलं, हे पैसे कशासाठी आहेत? म्हणाल्या, "पोरीच्या अकरावीच्या फीला. पुढच्या जूनमध्ये लागतील."
त्यांना काय सांगितलं ते शेवटी. आधी एसआयपी म्हणजे काय ते बघू.

स्लाइड ३
एसआयपी ही भरण्याची पद्धत आहे
भिशीत दर महिन्याला ठरलेली रक्कम भरता. आरडीत ठरलेल्या तारखेला हप्ता जातो. एसआयपीतही तसंच: तुम्ही ठरवलेल्या तारखेला तुमच्या खात्यातून ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडाच्या एका योजनेत जाते.
इथपर्यंतच सारखेपणा. आरडीत व्याजदर पहिल्याच दिवशी कागदावर लिहून मिळतो. एसआयपीत असा कागद नसतो. तुमची रक्कम वाढेल की घटेल हे ती ज्या योजनेत जाते त्यावर ठरतं. म्हणून "मी एसआयपीत पैसे टाकलेत" असं कुणी म्हणालं की मी लगेच विचारते, कोणत्या योजनेत? बऱ्याच जणांना नाव सांगता येत नाही. तुम्हाला येत नसेल तर आजच स्टेटमेंट काढून बघा.

स्लाइड ४
युनिट आणि एनएव्ही
हजारो लोकांचे पैसे एकत्र करून फंड शेअर, कर्जरोखे किंवा दोन्ही विकत घेतो. त्या सगळ्या साठ्यातला तुमचा वाटा युनिटमध्ये मोजतात. एका युनिटच्या त्या दिवसाच्या भावाला एनएव्ही म्हणतात.
कांद्याचं बघा. दर आठवड्याला १०० रुपयांचाच कांदा घ्यायचा ठरवलं, तर भाव ५० असताना दोन किलो येतो, २० असताना पाच किलो. पिशवी कधी हलकी, कधी जड, पण खिशातून जातात तेवढेच.

स्लाइड ५
चार महिन्यांचा हिशेब
हप्ता २,००० रुपये. भाव समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही खऱ्या योजनेचे नाहीत.

पहिला महिना: भाव ४०, युनिट ५०
दुसरा महिना: भाव ३२, युनिट ६२.५
तिसरा महिना: भाव २५, युनिट ८०
चौथा महिना: भाव २०, युनिट १००

भरले ८,००० रुपये. हाती २९२.५ युनिट. म्हणजे एक युनिट सरासरी २७ रुपये ३५ पैशांना पडलं. पहिल्याच महिन्यात सगळे ८,००० भरले असते तर प्रत्येक युनिट ४० ला पडलं असतं.
"एसआयपीने सरासरी होते" म्हणतात ते हेच.

स्लाइड ६
आता जाहिरातीत न दिसणारी बाजू
त्याच चौथ्या महिन्यात पैसे काढायची वेळ आली तर? २९२.५ युनिट गुणिले २०, म्हणजे ५,८५० रुपये. भरले होते ८,०००. सरासरी होऊनही २,१५० रुपयांचा तोटा.
भाव परत २७-२८ च्या वर गेला तरच मुद्दल सुटते. तो कधी जाईल, जाईल की नाही, हे कुणी सांगू शकत नाही.
आणि भाव सुरुवातीपासून चढतच गेला तर एसआयपीवाल्याला प्रत्येक हप्ता आधीपेक्षा महाग पडतो. तेव्हा पहिल्याच दिवशी सगळी रक्कम टाकणारा पुढे असतो. पगारातून महिन्याला भरणाऱ्या माणसाकडे एकदम टाकायला रक्कमच नसते, म्हणून तो एसआयपी करतो. माझ्या मते एसआयपीचं हे सर्वात प्रामाणिक कारण आहे.

स्लाइड ७
दहाव्या वर्षी सरासरी फारशी वाचवत नाही
हे मी प्रत्येक बैठकीत सांगते, कारण माझ्या स्वतःच्या हे फार उशिरा लक्षात आलं.
पहिल्या वर्षात बाजार पडला तर चार-पाच हप्त्यांचेच पैसे आत असतात. पुढचे हप्ते स्वस्तात पडतात आणि सरासरी खरोखर खाली येते.
आता दहा वर्षं २,००० भरले असं धरा: १२० हप्ते, २ लाख ४० हजार. सोपं जावं म्हणून किंमतही तेवढीच धरू. बाजार ३० टक्के पडला की ७२,००० रुपये कागदावरून गेले. त्या महिन्याचा तुमचा स्वस्तातला हप्ता किती? तेच २,०००. भरलेल्या पातेल्यात वाटीभर पाणी ओतल्यासारखं.
म्हणून पैसे लागायची वेळ दोन-तीन वर्षांवर आली की शेअरच्या फंडातून थोडे थोडे काढून मुदत ठेवीसारख्या जागी हलवायला लागा. एसआयपी सुरू करताना जेवढा विचार करतो, तेवढाच बाहेर पडतानाही करावा लागतो.

स्लाइड ८
पडतो म्हणजे किती पडतो?
जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास होता. मार्च २००९ मध्ये तो ८ हजारांच्या थोडाच वर उरला होता. नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा २१ हजारांना शिवला, परत घसरला, आणि तो आकडा नीट मागे टाकायला २०१४ उजाडावं लागलं.
२०२० च्या जानेवारीत ४२ हजारांच्या वर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्याही खाली बंद झाला. अवघे दोन महिने. त्यावेळी मात्र तो त्याच वर्षात परत वर आला.
एकदा सहा वर्षं, एकदा काही महिने. पुढच्या वेळी किती, ते आज कुणालाच माहीत नाही.

स्लाइड ९
"मग मी कर्जरोख्यांचा फंड घेते"
तिथे चढउतार सहसा कमी असतात, पण जोखीम तिथेही असते. ज्या कंपनीला पैसे दिले ती बुडू शकते, व्याजदर वाढले की रोख्यांचा भाव उतरतो. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंड घराने कर्जरोख्यांच्या सहा योजना एकदम गुंडाळल्या आणि लोकांचे पैसे अडकले. ते पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण ज्यांना त्या महिन्यात हवे होते त्यांना तेव्हा मिळाले नाहीत.
बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. म्युच्युअल फंडाला तसा विमा नाही. सेबी नियम करते, देखरेख ठेवते, पण तुमचा तोटा भरून देत नाही.
प्रत्येक योजनेच्या माहितीपत्रकावर घड्याळासारखं एक चित्र असतं, रिस्कोमीटर. त्याचा काटा सहापैकी कोणत्या पातळीवर आहे ते बघितल्याशिवाय पैसे टाकू नका.

स्लाइड १०
हे पैसे एसआयपीत नकोत
पुढच्या तीन-चार वर्षांत लागणारी फी, लग्न, घराची अनामत. दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे. कर्ज काढून आणलेले पैसे तर अजिबातच नकोत.
क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा. तिथलं व्याज ठरलेलं आणि नक्की आहे, इथला नफा तसा नाही.

स्लाइड ११
खर्च आणि कर
फंड चालवण्याचा खर्च दरवर्षी तुमच्याच पैशातून कापला जातो. त्याला एक्स्पेन्स रेशो म्हणतात. १ लाखावर १ टक्का म्हणजे वर्षाला १,००० रुपये, नफा होवो वा तोटा. डायरेक्ट योजनेत एजंटचं कमिशन नसतं, त्यामुळे खर्च कमी. रेग्युलरमध्ये कमिशन असतं. जो एजंट फोन उचलतो, अर्ज भरून देतो, पडझडीत समजावतो, त्याला ते मिळणं गैर नाही. फक्त आपण देतोय हे माहीत असावं.
शेअरच्या अनेक फंडांत वर्षाच्या आत पैसे काढले तर साधारण १ टक्का एक्झिट लोड कापतात.
कर: शेअरच्या फंडात २३ जुलै २०२४ पासून, वर्षाच्या आत विकलेल्या युनिटच्या नफ्यावर २० टक्के. वर्ष उलटलं असेल तर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

स्लाइड १२
सुरू करताना
पॅन, आधार, बँक खातं, केवायसी. नॉमिनीचं नाव त्याच वेळी भरा.
तारीख पैसे जमा होण्याच्या दोन-तीन दिवस नंतरची ठेवा. मी २८ तारीख ठेवली होती. एका महिन्यात खात्यात १४० रुपये कमी पडले, हप्ता परत गेला आणि बँकेने २९५ रुपये कापले. त्यानंतर ५ तारीख केली.
एसआयपी केव्हाही थांबवता येते. थांबवली तरी आधीची युनिट तिथेच राहतात, ती आपोआप खात्यात येत नाहीत. काढायची असतील तर वेगळी सूचना द्यावी लागते.

स्लाइड १३
"पक्के १५ टक्के देतो" म्हणणारा भेटला तर
उठून या. शेअरच्या फंडात खात्रीचा परतावा सांगण्याची परवानगी कुणालाच नाही. नात्यातला असो, सोसायटीतला असो, व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा असो. पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यावर मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. फंड घर किंवा नोंदणीकृत एजंटने फसवलं असेल तर तक्रार scores.sebi.gov.in वर करता येते.

स्लाइड १४
कराडच्या ताई
त्यांना म्हटलं, पिग्मी चालू ठेवा, ते फीचे पैसे आहेत. त्यांनी पासबुक परत पिशवीत ठेवलं. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "दिवाळीत जादा शिलाई येते. त्यातले महिन्याला पाचशे वेगळे काढले तर? पोरगी लहान आहे अजून, दुसरी. तिच्या फीला अजून बारा वर्षं आहेत."
विचारलं, ते पाचशेचे साडेतीनशे झालेले दिसले तर झोप लागेल का?
त्या बराच वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "पहिल्यांदा नाही लागणार. पण ते काढायचे नाहीत हे तरी कळलं." मग विचारलं, "तारीख दहा ठेवते, सातला दुकानदाराचे पैसे येतात. चालेल ना?"
म्हटलं, चालेल.

कॅप्शन
तुमच्या एसआयपीचं स्टेटमेंट उघडून तीन गोष्टी बघा: योजनेचं नाव, रिस्कोमीटरचा काटा, एक्स्पेन्स रेशो. एखादा शब्द अडला तर खाली लिहा, पुढच्या महिन्याच्या कॅरोसेलमध्ये त्यावर बोलू. फोलिओ नंबर, पॅन किंवा रक्कम इथे लिहू नका.

ही माहिती शिकण्यासाठी आहे, कोणत्याही योजनेची शिफारस नाही. म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते. योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा.