डॉ. मृणाल कोंडविलकर, बीडीएस : व्यावसायिक माहितीपत्र

अर्ज कशासाठी : सिंहगड रस्त्यावरील आपल्या बहुविशेषज्ञ क्लिनिकमध्ये पूर्णवेळ दंतचिकित्सक. दूरध्वनी व पत्ता सोबतच्या अर्जावर आहे.

शिक्षण व नोंदणी

बीडीएस, शासकीय दंत महाविद्यालय, औरंगाबाद (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक). अंतिम परीक्षा 2016, आंतरवासिता 2017 मध्ये पूर्ण. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे 2017 पासून भाग ‘अ’मध्ये नोंद. नूतनीकरण चालू आहे, प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. व्यावसायिक दायित्व विमा माझ्या स्वतःच्या नावावर आहे.

अनुभव

2022 ते 2024, सातारा : दोन खुर्च्यांचा खासगी दवाखाना, एकमेव पूर्णवेळ दंतचिकित्सक. एंडोडॉन्टिस्ट, ओरल सर्जन व ऑर्थोडॉन्टिस्ट ठरलेल्या वारी येत. 2017 ते 2021, सातारा : धर्मादाय रुग्णालयाचा दंतविभाग. तिथे मुख्यतः दात काढणे, सिमेंट भरणे, कवळ्या आणि गावोगावची तपासणी शिबिरे. त्या काळातल्या प्रक्रियांची वेगळी नोंद माझ्याकडे नसल्याने खालचे आकडे फक्त 2022 ते 2024 या तीन वर्षांचे, दवाखान्याच्या नोंदवहीतून घेतलेले आहेत.

रुग्णसंख्या व प्रक्रिया

रोज सरासरी 13 रुग्ण, शनिवारी 18 पर्यंत. तीन वर्षांत एकूण 11,640 भेटी.

- रूट कॅनॉल 880, त्यांपैकी दाढांचे 520. पुन्हा केलेले रूट कॅनॉल 41.
- दात काढणे 1,450. अक्कलदाढीची शस्त्रक्रिया 112, बहुतेक तिरप्या खालच्या दाढा.
- कॉम्पोझिट व ग्लास आयोनोमर भरणे 2,300
- स्केलिंग 1,700
- कॅप व ब्रिज 790 युनिट : निम्म्याहून जास्त झिरकोनिया, बाकी पोर्सेलीन-मेटल
- पूर्ण कवळ्या 46 जोड्या
- 12 वर्षांखालील मुले 640; दुधाच्या दातांचे पल्पेक्टॉमी 138, स्टीलच्या कॅप 96

दात काढल्यावर ड्राय सॉकेट 31 जणांना झाले, बहुतेक तंबाखू सोडू न शकलेल्या रुग्णांना. अक्कलदाढीनंतर एका रुग्णाचा खालचा ओठ बधिर राहिला. सहा आठवड्यांत संवेदना पूर्ण परतली.

इम्प्लांट मी स्वतंत्रपणे बसवत नाही. 38 शस्त्रक्रियांत सर्जनला साहाय्य केले आहे आणि इम्प्लांटवरच्या 29 कॅप स्वतः केल्या आहेत. ब्रेसेसचे उपचार, नसेला चिकटलेली खालची अक्कलदाढ आणि जबड्याचे फ्रॅक्चर मी तज्ज्ञांकडेच पाठवते.

रूट कॅनॉलची माझी पद्धत

रबर डॅमशिवाय फाइल तोंडात जात नाही. त्याने हायपोक्लोराइट घशात उतरत नाही, फाइल सुटली तरी गिळली जात नाही आणि कॅनॉल लाळेने दूषित होत नाही. लांबी एपेक्स लोकेटरवर घेऊन आरव्हीजीने पडताळते. पल्प चेंबर द्रवाने तुडुंब असेल किंवा फाइल धातूच्या कॅपला टेकली तर लोकेटर चुकीचे वाचन देतो, म्हणून आधी चेंबर कापसाने टिपून घेते. एंडोमोटरचा टॉर्क प्रत्येक फाइलच्या मापाप्रमाणे बदलते. रोटरी फाइलचा संच चार दाढांनंतर टाकून देते. वळणदार कॅनॉलमध्ये वापरली तर त्याच दिवशी.

धुण्यासाठी 3 टक्के हायपोक्लोराइट, बाजूला छिद्र असलेल्या 30 गेजच्या सुईने. सुई कामाच्या लांबीपेक्षा किमान 2 मि.मी. अलीकडे आणि सैल राहिली पाहिजे, नाहीतर द्रव मुळाबाहेर जाऊन सूज व तीव्र वेदना होतात. शेवटी 17 टक्के ईडीटीए एक मिनिट. क्लोरहेक्सिडीन वापरायचे असेल तर मध्ये सलाइनने भरपूर धुते, कारण ते हायपोक्लोराइटला भेटले की तपकिरी साका कॅनॉलमध्ये बसतो. वरच्या पहिल्या दाढेत चौथा कॅनॉल 3.5 पट लूप लावून शोधल्याशिवाय काम बंद करत नाही. राहून गेलेला तो कॅनॉल पुढे दुखण्याचे नेहमीचे कारण असतो.

इतर विभागांच्या रुग्णांसाठी

आपल्याकडे मधुमेह, हृदयविकार व स्त्रीरोग हे विभाग एकाच छताखाली आहेत, तेव्हा हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. खुर्चीवर बसवण्याआधी प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब घेते. 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर तातडीचे नसलेले काम थांबवून रुग्णाला फिजिशियनकडे पाठवते. मधुमेहींना सकाळची वेळ, नाश्ता व औषध घेऊन यायला सांगते आणि ग्लुकोमीटरने साखर तपासते. एचबीए1सी 8 च्या वर असेल तर अक्कलदाढीची शस्त्रक्रिया पुढे ढकलते.

वॉरफरिन घेणाऱ्यांचा 24 तासांतला आयएनआर पाहते. तो 3.5 च्या आत असला तर औषध न थांबवता, एका वेळी मोजकेच दात काढून, सॉकेटमध्ये जिलेटिन स्पंज, टाके आणि ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचा बोळा. रक्त पातळ करणारे औषध मी स्वतःहून बंद करायला कधीही सांगत नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट चालू आहे का, हे दात काढण्यापूर्वी विचारते. बरेच रुग्ण ते ‘कॅल्शियमची गोळी’ म्हणून सांगतात, त्यामुळे चिठ्ठीच पाहते. गुटखा व सुपारी खाणाऱ्यांचे तोंड किती उघडते ते मि.मी.मध्ये नोंदवते. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण बायोप्सीसाठी पाठवते आणि अहवाल येईपर्यंत पाठपुरावा करते.

हाताळलेली साधने

आरव्हीजी सेन्सर, भिंतीवरचे व हातातले एक्स-रे यंत्र, ओपीजी. सीबीसीटी वाचता येते, यंत्र चालवलेले नाही. एक्स-रे यंत्रांची एईआरबीच्या ई-लोरा पोर्टलवरील नोंदणी सातारच्या दवाखान्यासाठी मी पूर्ण केली. एपेक्स लोकेटर, एंडोमोटर, अल्ट्रासॉनिक व पिएझो स्केलर, फिजिओडिस्पेन्सर, एलईडी क्युअरिंग लाइट (रेडिओमीटरने महिन्यातून एकदा तपासून), सॉफ्ट टिश्यू डायोड लेझर, इंट्राओरल स्कॅनर.

मापासाठी ॲडिशन सिलिकॉन वापरताना लॅटेक्सचे हातमोजे काढून नायट्राइल घालते. लॅटेक्समधल्या गंधकामुळे पुटी नीट घट्ट होत नाही आणि मार्जिनपाशीच माप चिकट राहते. लॅबकडून कॅप परत येण्यामागे बरेचदा हेच कारण असते.

निर्जंतुकीकरण व कचरा

बी-क्लास ऑटोक्लेव्हमध्ये 134 अंशांवर पाउचबंद हत्यारे, प्रत्येक फेरीत केमिकल इंडिकेटर, आठवड्याला स्पोअर टेस्ट. एअरोटरचा हँडपीसही प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्ह होतो. नुसता स्पिरिटने पुसून पुढच्याला वापरत नाही. पाण्याची नळी दोन रुग्णांच्या मध्ये 30 सेकंद वाहू देते. काढलेले दात पिवळ्या पिशवीत, पण चांदीचे सिमेंट असलेला दात वेगळ्या बरणीत, कारण तो जाळला तर पाऱ्याची वाफ होते. हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, भुलेच्या काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात.

इतर

मराठी, हिंदी, इंग्रजी, कामापुरती कन्नड. बेसिक लाइफ सपोर्टचे प्रमाणपत्र चालू आहे. आपत्कालीन ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन, ऑक्सिजन व ग्लुकोज आहे का आणि मुदत संपली नाही ना, हे दर महिन्याच्या एक तारखेला स्वतः पाहते.

अपेक्षा

दिवसाला 14 ते 16 रुग्ण. दाढेच्या रूट कॅनॉलसाठी 60 मिनिटांची वेळ आणि चार हातांनी काम करणारी एक सहायक आवश्यक. मानधन मासिक निश्चित रक्कम अधिक प्रक्रियांवरील वाटा असे असावे. लॅबचा खर्च वजा करून मगच वाटा काढावा. महिनाभराची सूचना देऊन रुजू होऊ शकते.

सोबत जोडले आहे : पदवी, नोंदणी व नूतनीकरण प्रमाणपत्रे, विमा पॉलिसी, दोन्ही ठिकाणची अनुभवपत्रे, आणि रुग्णांच्या लेखी संमतीने, नावे झाकून, 12 केसेसचे आधीचे व नंतरचे एक्स-रे.