ओस्की स्टेशन ४ : हिप तपासणी, गुणदान तक्ता

वेळ ७ मिनिटे, एकूण गुण २०. रुग्ण: ५८ वर्षांचे गृहस्थ, उजव्या जांघेत दुखते.

सुरुवात (२): ओळख, संमती, हात धुणे, कंबरेखाली पुरेसे उघडे, पण आब राखून.

पाहणे (४): उभे असताना पुढून, बाजूने, मागून २. चाल २. रुग्णाला थेट झोपवले तर चालीचे गुण नाहीत.

चाचपणे (३): तापमान, ग्रेटर ट्रोकँटर, जांघेचा मध्यबिंदू. नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर हवी. दुखल्यावर "सॉरी" म्हणून तिथेच पुन्हा दाबणाऱ्याचा १ गुण कापा.

हालचाल (५): आधी रुग्णाने स्वतः, मग परीक्षार्थीने. फ्लेक्शन, अॅबडक्शन, अॅडक्शन, एक्स्टेन्शन ३. गुडघा ९० अंशांत वाकवून दोन्ही रोटेशन २. अॅबडक्शनला दुसरा हात पेल्विसवर नसेल तर अर्धा गुण कमी.

विशेष चाचण्या (६): ट्रेंडेलेनबर्ग २, उचललेल्या पायाकडचा पेल्विस खाली गेला तर दोष टेकलेल्या पायाकडचा, हे सांगता आले पाहिजे. थॉमस ३, कंबरेखाली हात, विरुद्ध मांडी पोटाकडे, लॉर्डोसिस सपाट होईपर्यंत. त्या बाजूला कृत्रिम सांधा आहे का, हे आधी विचारलेच पाहिजे. पायांची खरी लांबी १. अँटेरिअर सुपिरिअर इलिअॅक स्पाइन ते आतला घोटा.

कमरेचा मणका, गुडघा आणि नाडी तपासेन, असे तोंडी म्हटले तरी चालेल. वेगळे गुण नाहीत.