अंतर्गत चौकशी समितीपुढील साक्षीदाराचा जबाब

मी प्रेस शॉपमध्ये गुणवत्ता तपासनीस आहे. मंगळवार, दि. 11 मार्च 2025 रोजी दुसऱ्या पाळीत कामावर होतो. स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच लिहून देत आहे.

सायंकाळी 6.40 च्या सुमारास 3 नंबरच्या पॉवर प्रेसवर नमुने घ्यायला गेलो. दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी डावे बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेले होते. मी ऑपरेटरला विचारले. तो म्हणाला, “साहेबांनी सांगितलंय, आज माल निघालाच पाहिजे.” कोणते साहेब, हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

मी सुपरवायझरना शोधायला निघालो. ते केबिनमध्ये नव्हते. 6.50 ला मागून ओरडणे ऐकू आले. वळून पाहिले तेव्हा ऑपरेटर डावा हात धरून खाली बसला होता. हात डायमध्ये जाताना मी पाहिलेला नाही. मदतनीसाने लाल बटण दाबले. मी जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरले.

7.05 ला रुग्णवाहिका आली. परत मशीनपाशी गेलो तेव्हा चिकटपट्टी तिथे नव्हती. ती कोणी काढली, मला माहीत नाही. पण आधी ती होती, याबद्दल मला शंका नाही.

जबाब वाचून पाहिला, बरोबर आहे. कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही.

सही/-
गुणवत्ता तपासनीस, दुसरी पाळी
दि. 13 मार्च 2025