नळाचे पाणी, मिठाचे पाणी, तेल आणि व्हिनेगर यांत लोखंडी खिळ्याचे गंजणे

इयत्ता आठवी, विषय सामान्य विज्ञान (रसायनशास्त्र)
गटप्रकल्प, चार विद्यार्थी
ठिकाण: हर्णै परिसर, ता. दापोली, जि. रत्नागिरी

हा विषय का घेतला

आमच्या गटातल्या दोघांच्या घरी होडी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि लोखंडी भाग खरवडून, रेड ऑक्साईड मारून पुन्हा रंगवतात. खिडक्यांचे गज, गेटाच्या बिजागऱ्या, पत्र्याचे हुक यांचीही किनाऱ्यावरच्या घरांत तीच गत. त्यामुळे गंज कशात जास्त चढतो हे आपणच मोजून बघायचे असे ठरले. सुरुवातीला आमच्यात दोन मते होती. होडीवाल्या दोघांचे म्हणणे, मिठाचे पाणी सर्वात वाईट. बाकीच्या दोघांचे म्हणणे, व्हिनेगर आम्ल आहे, तेच जास्त खाणार.

साहित्य आणि मांडणी

तीन इंची साधे लोखंडी खिळे, तोंड रुंद असलेल्या चार सारख्या काचेच्या बरण्या, नळाचे पाणी, जाडे मीठ, खोबरेल तेल, ४ टक्के ॲसेटिक आम्ल असलेला पांढरा व्हिनेगर, पॉलिशपेपर आणि निळा लिटमस कागद.

खिळे घेताना दुकानदाराकडून मुद्दाम जस्ताचा मुलामा नसलेले मागून घेतले. मुलामा असता तर आधी जस्तच झिजले असते आणि लोखंडाबद्दल काही कळले नसते. नव्या खिळ्यांवर कारखान्यातले तेल असते, म्हणून पॉलिशपेपरने घासून, साबणाने धुऊन, कोरडे पुसून मगच वापरले.

प्रत्येक बरणीत २०० मिली द्रव आणि एक खिळा, पूर्ण बुडालेला. मिठाच्या पाण्यासाठी त्याच नळाच्या पाण्यात ७ ग्रॅम मीठ विरघळवले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्या प्रमाणात हे येते. समुद्र समोरच असताना त्याचे पाणी का आणले नाही, असे बाईंनी विचारले. समुद्राच्या पाण्यात मिठाशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियमचे क्षार आणि बारीक जीवही असतात. आम्हाला फक्त मिठाचा परिणाम वेगळा काढायचा होता.

बरण्या उघड्या, एकाच टेबलावर, सावलीत ठेवल्या. पाचवा खिळा कशातही न बुडवता समुद्राकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, पावसाचे थेंब लागणार नाहीत असा.

काय दिसले

नळाच्या पाण्यातल्या खिळ्यावर दुसऱ्या दिवशी नारिंगी ठिपके आले. आठवड्याभरात ते पसरून तपकिरी थर झाला. हा थर खिळ्याला बऱ्यापैकी चिकटून होता.

मिठाच्या पाण्यात पहिल्याच दिवशी पाणी पिवळसर झाले. नंतर गंज खिळ्यावर टिकतच नव्हता, सुटून तळाशी साचत होता. बरणी हलवली की सगळे पाणी विटकरी होई. दिसायला ही बरणी सर्वात भयंकर होती, आणि मिठाच्या बाजूने बोलणारे दोघे खूश होते.

तेलातला खिळा पंधराव्या दिवशीही घासल्यासारखा चकचकीत होता. जुलैमध्ये आमच्याकडे इतकी थंडी नसते की खोबरेल गोठावे, त्यामुळे तो सगळा वेळ स्वच्छ दिसत होता.

व्हिनेगरने आम्हाला सर्वात जास्त विचार करायला लावले. खिळा टाकल्यावर थोड्या वेळाने त्याच्यावर बारीक बुडबुडे धरले. खिळा करडा, मग काळपट झाला. त्याच्यावर तपकिरी थर जवळजवळ नव्हताच. द्रव मात्र दिवसेंदिवस नारिंगी-तपकिरी होत गेला. नुसते खिळ्याकडे बघितले असते तर व्हिनेगरमध्ये गंज कमी लागतो असे लिहून मोकळे झालो असतो.

म्हणून वजन करायचे ठरले. शाळेचा तराजू इतका बारीक फरक दाखवत नाही. गावातल्या सोनारकाकांनी त्यांच्या काट्यावर वजन करू दिले. पंधरा दिवसांनी खिळे काढून, ब्रशने गंज घासून, धुऊन लगेच कोरडे केले आणि पुन्हा वजन केले.

| द्रव | आधीचे वजन (ग्रॅम) | नंतरचे वजन (ग्रॅम) | घट (ग्रॅम) |
|---|---|---|---|
| नळाचे पाणी | ५.७१ | ५.६९ | ०.०२ |
| मिठाचे पाणी | ५.६८ | ५.६४ | ०.०४ |
| खोबरेल तेल | ५.७३ | ५.७३ | ०.०० |
| व्हिनेगर | ५.७० | ५.५२ | ०.१८ |

असे का झाले

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. खिळ्याच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी लोह इलेक्ट्रॉन सोडते, दुसऱ्या ठिकाणी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो:

Fe → Fe²⁺ + 2e⁻
O₂ + 2H₂O + 4e⁻ → 4OH⁻

पुढे यातूनच जलयुक्त फेरिक ऑक्साईड, म्हणजे तपकिरी गंज (Fe₂O₃·xH₂O) तयार होतो. मीठ या क्रियेत संपत नाही. त्याचे आयन पाण्यातून विद्युतप्रभार सहज वाहून नेतात, म्हणून क्रिया वेगाने चालते. क्लोराईड आयन लोखंडावर बसू पाहणारा थरही टिकू देत नाहीत. गंज सुटून तळाशी का पडत होता, ते यावरून समजते.

तेलात खिळ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही, त्यामुळे गंज नाही.

व्हिनेगरमध्ये मुख्य क्रिया वेगळीच आहे. त्याने निळा लिटमस तांबडा केला. हे आम्ल लोखंडाशी थेट क्रिया करते:

Fe + 2CH₃COOH → Fe(CH₃COO)₂ + H₂

ते बुडबुडे हायड्रोजनचे. तयार झालेला आयर्न ॲसेटेट पाण्यात विरघळतो, म्हणून खिळ्यावर थर दिसत नाही. हवेतल्या ऑक्सिजनमुळे द्रावणातले लोह पुढे Fe³⁺ होते आणि रंग तपकिरी होतो. म्हणजे लोखंड गेले होते, फक्त ते खिळ्यावर न दिसता द्रावात होते. याला गंजणे न म्हणता आम्लामुळे झालेले क्षरण म्हणणे आम्हाला बरोबर वाटते. कैरी चिरून विळी न धुता ठेवली की पाते काळे पडते, तिथेही आम्लच लोखंडाला लागलेले असते.

तेव्हा दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर निघाल्या. तपकिरी गंज मिठाच्या पाण्यात सर्वात जास्त, लोखंडाची घट व्हिनेगरमध्ये सर्वात जास्त.

आणखी दोन नोंदी

वजन झाल्यावर व्हिनेगरमधला खिळा ओला करून उघड्यावर ठेवला, तर संध्याकाळपर्यंत त्याच्यावर नारिंगी गंज आला. आम्लाने वरचा सगळा थर काढून टाकल्यावर उघडे पडलेले लोखंड फार लवकर गंजते. जुनी कुलपे व्हिनेगरने साफ करणाऱ्यांनी ती लगेच धुऊन, पुसून तेल लावावे.

कट्ट्यावरच्या पाचव्या खिळ्यावर पाण्याचा थेंब पडला नव्हता, तरी बारीक ठिपक्यांचा गंज आला. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन ओले होते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण खिळ्यावर बसले, पावसाळी हवेत ओले झाले आणि तिथेच मिठाच्या पाण्याचे सूक्ष्म थेंब तयार झाले. तेलातून काढलेला खिळा न पुसता त्याच कट्ट्यावर ठेवला आहे. त्याच्यावर अजून एकही ठिपका नाही.

पुढे करायचे

होडीच्या पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा बसवतात आणि तो झिजला की बदलतात. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील आहे, म्हणून आधी ते झिजते. आता ३५ ग्रॅम प्रतिलिटरच्याच मिठाच्या पाण्यात एका खिळ्याला जस्ताची पट्टी, दुसऱ्याला तांब्याची तार गुंडाळून ठेवणार आहोत. तांब्याची तार असलेला खिळा एकट्या खिळ्यापेक्षा लवकर गंजेल असा आमचा चौघांचा अंदाज आहे. सोनारकाकांना पुन्हा विचारून ठेवले आहे.